‘हू कॉल्ड यू?’ या प्रश्नात ‘डिड’ का येत नाही

‘हू कॉल्ड यू?’ आणि ‘हू डिड यू कॉल?’ हे इंग्रजीतले दोन साधे प्रश्न आहेत. पहिल्याचा अर्थ ‘तुम्हाला कोणी फोन केला?’ आणि दुसऱ्याचा ‘तुम्ही कोणाला फोन केला?’. शब्द जवळजवळ तेच, पण पहिल्यात फोन तुमच्याकडे आलेला आहे आणि दुसऱ्यात तो तुमच्याकडून गेलेला आहे. मराठी माध्यमातून इंग्रजी शिकलेल्या माणसाला यातला पहिला प्रश्न लिहायला सांगा. पुष्कळ वेळा कागदावर ‘हू डिड कॉल यू?’ असं उतरतं. लिहिणाऱ्याचा अभ्यास कच्चा असतो असं नाही. उलट त्याने नियम नीट पाठ केलेला असतो आणि तो जिथे लागू नाही तिथेही प्रामाणिकपणे लावलेला असतो.

तो नियम आपल्याकडे फळ्यावर असा लिहिला जातो: आधी प्रश्नार्थक शब्द, मग साहाय्यक क्रियापद, मग कर्ता, मग मुख्य क्रियापदाचं मूळ रूप. साधा भूतकाळ असेल तर साहाय्यक क्रियापद म्हणून ‘डिड’ घ्यायचं. ‘व्हेअर डिड यू गो?’, ‘व्हॉट डिड शी से?’, ‘व्हाय डिड दे लीव्ह?’ हे सगळे प्रश्न या साच्यात चपखल बसतात. मग ‘हू’चा प्रश्न आला की विद्यार्थी तोच साचा काढतो. पण या साच्यात ‘कर्ता’ नावाचा एक रकाना आहे, तो प्रश्नार्थक शब्दापासून वेगळा आहे, आणि ‘हू कॉल्ड यू?’मध्ये त्या रकान्यात लिहायला काहीच उरत नाही. फोन करणारा हाच कर्ता, आणि त्याच्याच जागी ‘हू’ आलेला आहे. म्हणजे साच्यातला पहिला रकाना आणि तिसरा रकाना इथे एकच झाले. अडचणीचं मूळ इतकंच आहे. पण ‘डिड’ तिथे नेमकं कशासाठी येतं हे कळल्याशिवाय तिचा उलगडा होत नाही.

आधी एक उदाहरण शेवटपर्यंत करून पाहू. महाराष्ट्र बोर्डाच्या इंग्रजीच्या प्रश्नपत्रिकेत एक ओळखीचा प्रश्न असतो. वाक्यातल्या काही शब्दांखाली रेघ मारलेली असते आणि तो भाग उत्तर म्हणून येईल असा प्रश्न तयार करायचा असतो. त्यासाठी हे वाक्य घेऊ: ‘इंडिया डिफीटेड वेस्ट इंडीज अ‍ॅट लॉर्ड्ज इन 1983.’ वाक्यातली घटना सर्वांना माहीत आहे. 25 जून 1983 रोजी लंडनच्या लॉर्ड्ज मैदानावर कपिल देवच्या संघाने विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात वेस्ट इंडीजला हरवलं.

रेघ ‘इन 1983’खाली असेल तर प्रश्न होतो, ‘व्हेन डिड इंडिया डिफीट वेस्ट इंडीज अ‍ॅट लॉर्ड्ज?’. ती ‘अ‍ॅट लॉर्ड्ज’खाली असेल तर ‘व्हेअर डिड इंडिया डिफीट वेस्ट इंडीज इन 1983?’. ती ‘वेस्ट इंडीज’खाली असेल तर ‘विच टीम डिड इंडिया डिफीट अ‍ॅट लॉर्ड्ज इन 1983?’. तिन्ही ठिकाणी ‘डिड’ आलं आणि ‘डिफीटेड’चं ‘डिफीट’ झालं. आता रेघ ‘इंडिया’खाली आहे असं समजा. प्रश्न होतो, ‘विच टीम डिफीटेड वेस्ट इंडीज अ‍ॅट लॉर्ड्ज इन 1983?’. मूळ वाक्यातला ‘इंडिया’ हा शब्द काढून तिथे ‘विच टीम’ ठेवलं आणि पुढचं वाक्य जसंच्या तसं राहिलं. क्रियापद हललं नाही, त्याचा शेवटचा ‘एड’ हलला नाही, काही नवं आलं नाही.

एका वाक्यातून निघालेल्या या चार प्रश्नांपैकी तीन एका प्रकारचे आणि एक वेगळा आहे. तो वेगळा प्रश्न अपवाद म्हणून पाठ करायची गरज नाही. चारही प्रश्न एकाच नियमाने चालतात.

तो नियम समजायला प्रश्नार्थक शब्द क्षणभर बाजूला ठेवू आणि ज्याचं उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ असं येतं तो साधा प्रश्न पाहू. ‘मीना विल कॉल’ याचा प्रश्न ‘विल मीना कॉल?’ असा होतो. ‘मीना इज कॉलिंग’चा ‘इज मीना कॉलिंग?’ होतो. इंग्रजी प्रश्न करताना साहाय्यक क्रियापदाला कर्त्याच्या पुढे नेते. या साहाय्यक क्रियापदासोबत वाक्याचा काळही जातो, कारण ‘विल’, ‘इज’, ‘वॉज’, ‘हॅज’ या शब्दांतच काळ साठवलेला असतो. आता ‘मीना कॉल्ड’ हे वाक्य घ्या. इथे साहाय्यक क्रियापद नाही. काळ आहे, पण तो मुख्य क्रियापदाला ‘एड’ या प्रत्ययाच्या रूपाने चिकटलेला आहे. प्रश्न करायचा तर काळ कर्त्याच्या पुढे न्यायला हवा. मात्र आजच्या इंग्रजीत मुख्य क्रियापद जागचं हलत नाही. मग काळ एकटाच पुढे जातो आणि क्रियापद मागे राहतं. ‘एड’ हा नुसता प्रत्यय आहे, तो हवेत राहू शकत नाही, त्याला धरायला कोणतं तरी क्रियापद लागतं. म्हणून इंग्रजी तिथे स्वतःचा काहीही अर्थ नसलेलं ‘डू’ उभं करते. ‘डू’ आणि भूतकाळ मिळून ‘डिड’ होतं: ‘डिड मीना कॉल?’. ‘डिड’ म्हणजे मालकापासून सुटलेलं सामान उचलणारा हमाल. सामान मालकाच्याच हातात असेल तर हमाल बोलावण्याचं कारण नाही.

‘हू डिड यू कॉल?’मध्ये काळ ‘यू’ या कर्त्याला ओलांडून पुढे गेला, ‘कॉल’ मागे राहिलं, दोघांच्या मध्ये ‘यू’ आला, म्हणून ‘डिड’ लागलं. ‘हू कॉल्ड यू?’मध्ये कर्ता ‘हू’ हाच आहे आणि तो आधीच वाक्याच्या सुरुवातीला आहे. त्याच्या आणि क्रियापदाच्या मध्ये कोणीही नाही. काळ क्रियापदापासून सुटलाच नाही, म्हणून ‘डिड’ लागलं नाही. ‘डिड’ ही प्रश्नाची खूण नाही. काळ आणि क्रियापद यांच्यामध्ये काही तरी आलं आहे, याची ती खूण आहे.

नोम चॉम्स्की यांनी 1957 साली ‘सिंटॅक्टिक स्ट्रक्चर्स’ या छोट्या पुस्तकात इंग्रजी साहाय्यक क्रियापदांची जी मांडणी केली, तिचा गाभा हाच होता. काळाचा प्रत्यय हा क्रियापदापासून वेगळा घटक मानायचा. तो शेजारच्या क्रियापदाला जाऊन चिकटतो, आणि मध्ये अडथळा आला तर ‘डू’ येऊन त्याला आधार देतं. त्यानंतर या विषयात मतभेद बरेच झाले. ‘हू कॉल्ड यू?’मधला ‘हू’ खरंच वाक्याच्या अगदी पुढच्या, प्रश्नार्थक शब्दांच्या जागेवर जातो की कर्त्याच्याच जागी बसून राहतो, यावर अभ्यासकांमध्ये वाद झाला आहे, कारण दोन्ही मतांनुसार कानाला ऐकू येणारं वाक्य एकच असतं. पण ‘डिड’ का येतं याचं उत्तर सामान्य वाचकाला उपयोगी पडेल इतक्यापुरतं पक्कं आहे.

ते खरं आहे की नाही हे आपल्यालाही तपासता येतं. प्रश्न कर्त्याबद्दलचाच ठेवा आणि फक्त नकार घाला. वर्गात शिक्षक हजेरी घेताना ‘हू केम?’ असं विचारतील, पण गैरहजर मुलांबद्दल ‘हू डिडन्ट कम?’ असंच विचारावं लागेल. ‘हू केम नॉट?’ असं आजच्या इंग्रजीत कोणी म्हणत नाही. दोन्ही प्रश्न कर्त्याबद्दलचे आहेत, मग दुसऱ्यात ‘डिड’ कुठून आलं? काळ आणि क्रियापद यांच्या मध्ये ‘नॉट’ येऊन बसला म्हणून. ‘कर्त्याच्या प्रश्नात डिड येत नाही’ असा सुटसुटीत नियम जे पाठ करतात, त्यांची गाडी इथे घसरते आणि त्यांना आणखी एक अपवाद पाठ करावा लागतो. कारण समजून घेतलं तर ‘हू केम?’ आणि ‘हू डिडन्ट कम?’ हे दोन्ही एकाच सूत्राने बरोबर येतात.

दुसरी तपासणी उत्तराची. ‘हू कॉल्ड यू?’ याचं आटोपशीर उत्तर ‘मीना डिड’ असं देता येतं. ‘हू डिड यू कॉल?’ याचं उत्तर मात्र नुसतं ‘मीना’. तिथे ‘मीना डिड’ म्हटलं तर ऐकणारा गोंधळेल. गंमत अशी की ज्या प्रश्नात ‘डिड’ नव्हतं त्याच्या उत्तरात ते येतं, कारण उत्तरात क्रियापद गाळलं आहे आणि काळ उघडा पडला आहे.

आणि एक ठिकाण असं आहे जिथे ‘हू डिड कॉल यू?’ हे वाक्य शुद्ध इंग्रजी ठरतं. समजा, तुम्ही म्हणालात की मीनाने फोन केला नाही, सुरेशने नाही, ऑफिसातूनही कोणी केला नाही. त्यावर समोरचा ‘डिड’वर जोर देऊन विचारेल, ‘देन हू डिड कॉल यू?’, म्हणजे ‘मग केला तरी कोणी?’. इथे जोर हाच मध्ये आलेला घटक आहे. म्हणून साध्या चौकशीच्या सुरात कोणी ‘हू डिड कॉल यू?’ म्हटलं की इंग्रजी मातृभाषा असलेल्या माणसाला त्यात नसलेला आग्रह ऐकू येतो, जणू आधी काही तरी नाकारलं गेलं आहे. अर्थ कळतो, सूर चुकतो.

वर्तमानकाळातही कथा तीच आहे. ‘हू नोज हिम?’ म्हणजे त्याला कोण ओळखतं, आणि ‘हू डझ ही नो?’ म्हणजे तो कोणाला ओळखतो. पहिल्यात ‘एस’ क्रियापदाला चिकटून राहिला, दुसऱ्यात तो ‘डू’वर जाऊन ‘डझ’ झाला आणि ‘नो’ उघडं राहिलं. ‘हू डिड यू कॉल्ड?’ ही चूक का आहे तेही यातून कळतं. काळाचा प्रत्यय एकच असतो. तो ‘डिड’मध्ये गेला की ‘कॉल’वर पुन्हा लावायला दुसरा शिल्लक नसतो. जाता जाता हेही सांगून ठेवतो की कर्ता म्हणून आलेला ‘हू’ सहसा एकवचनी धरतात. समोर दहा जण बसले असले तरी ‘हू वॉन्ट्स टी?’ असंच विचारायचं.

इंग्रजी कायम अशीच नव्हती. जुन्या इंग्रजीत मुख्य क्रियापद स्वतःच कर्त्याच्या पुढे जात असे. ‘कॉल्ड मीना?’ असा प्रश्न तेव्हा व्याकरणाला धरून झाला असता. जर्मन भाषा आजही प्रश्न तसाच करते आणि तिला ‘डू’सारख्या शब्दाची गरज पडत नाही. स्वीडनचे भाषाभ्यासक अल्वार एलेगोर्ड यांनी 1953 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात जुन्या इंग्रजी ग्रंथांमधली वाक्यं मोजून ‘डू’चा प्रसार कसा झाला ते दाखवलं. साधारण 1400 ते 1700 या तीनशे वर्षांत हा बदल घडला. नुसतं हो-नाही विचारणाऱ्या प्रश्नांत ‘डू’ लवकर रुळलं, कर्माबद्दलच्या प्रश्नांत ते सावकाश शिरलं. शेक्सपिअरच्या नाटकांत जुनी आणि नवी दोन्ही रूपं शेजारी शेजारी सापडतात, कारण तो या बदलाच्या ऐन मध्यावर लिहीत होता.

या इतिहासात आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की कर्त्याबद्दलच्या प्रश्नाला या उलथापालथीची झळ फारशी लागली नाही. जुन्या पद्धतीत क्रियापद कर्त्याला ओलांडून पुढे येत असे, पण कर्ताच ‘हू’ असेल तर ओलांडायचं काय? त्यामुळे ‘हू कॉल्ड?’ हा सांगाडा तेव्हाही असाच होता आणि आजही असाच आहे. मधल्या काळात साध्या होकारार्थी वाक्यांतही विनाकारण ‘डिड’ घालायची रीत काही काळ पसरली होती आणि कर्त्याच्या प्रश्नातही ती दिसे. होकारार्थी वाक्यांतून ती मावळली तशी इथूनही मावळली. ‘हू कॉल्ड यू?’ची रचना साध्या विधानाची आहे, प्रश्नाची नाही, हे त्याच्या इतिहासातही दिसतं.

या बदलाने इंग्रजीचा एक मोठा पेच सुटला असंही म्हणता येईल, जरी ‘डू’ त्यासाठी आलेलं नव्हतं. जुन्या इंग्रजीत कर्ता आणि कर्म यांची रूपं वेगळी होती. कर्त्यासाठी ‘हू’ तर कर्मासाठी ‘हूम’. समोरच्या अनेकांना उद्देशून कर्ता म्हणून ‘यी’ तर कर्म म्हणून ‘यू’. हळूहळू ‘यी’ मागे पडला आणि दोन्हीकडे ‘यू’ आला. बोलण्यात ‘हूम’ही विरळ झाला, आज तो मुख्यतः औपचारिक लिखाणात आणि शाळेच्या उत्तरपत्रिकांत दिसतो. अशा वेळी जुनीच रचना टिकली असती तर ‘हू कॉल्ड यू?’ याच तीन शब्दांचे दोन्ही अर्थ झाले असते आणि फोन कोणी केला, कोणाला केला हे संदर्भावर सोडावं लागलं असतं. आज ते ‘डिड’च्या असण्या-नसण्यावरून ओळखता येतं.

मराठीला या पेचाशी कधी झगडावं लागलं नाही, कारण तिच्याकडे विभक्ती आहे. ‘सुरेशला कोणी फोन केला?’ आणि ‘सुरेशने कोणाला फोन केला?’ या दोन वाक्यांत शब्दांचा क्रमसुद्धा सारखा आहे. फरक फक्त ‘ला’ आणि ‘ने’ कुठे लागले आणि ‘कोण’चं रूप काय झालं एवढाच. हवं तर ‘फोन कोणी केला सुरेशला?’ असं म्हणा, अर्थ ढळत नाही. मराठीत प्रश्नार्थक शब्द वाक्याच्या सुरुवातीला खेचून न्यावा लागत नाही, क्रियापदाला हलवावं लागत नाही, काळ सुटत नाही. म्हणून मराठी माणसाच्या मनात कर्त्याबद्दलचा प्रश्न आणि कर्माबद्दलचा प्रश्न हे रचनेने दोन वेगळे प्रकार नसतातच. इंग्रजीत ते दोन प्रकार आहेत हे त्याला कोणी सांगतही नाही, कारण शिकवणाऱ्याच्याही मनात ते नसतात.

यावर काही जण एक युक्ती सांगतात. आधी मराठीत उत्तर द्या. उत्तराला ‘ने’ लागत असेल तर कर्ता, ‘डिड’ नको. ‘ला’ लागत असेल तर कर्म, ‘डिड’ हवं. ‘मीनाने केला’ म्हणून ‘हू कॉल्ड यू?’, ‘मीनाला केला’ म्हणून ‘हू डिड यू कॉल?’. फोनच्या उदाहरणात ही युक्ती छान चालते, पण तिच्यावर विसंबू नये. मराठीत आवड, गरज, माहिती, आठवण, भूक अशा गोष्टी सांगताना ज्याला ते वाटतं त्याला ‘ला’ लागतो. ‘चहा कोणाला हवाय?’, ‘हे कोणाला माहीत आहे?’, ‘सिनेमा कोणाला आवडला?’ या तिन्ही प्रश्नांत ‘कोणाला’ आहे. इंग्रजीत मात्र तो माणूस सरळ कर्ता होतो: ‘हू वॉन्ट्स टी?’, ‘हू नोज धिस?’, ‘हू लाइक्ड द फिल्म?’. ‘ला’ पाहून इथे ‘डू’ किंवा ‘डिड’ घातलं की वाक्य बिघडलं.

उलटही घडतं. ‘तुम्हाला काय आवडलं?’ या मराठी प्रश्नात क्रियापद ‘काय’च्या मागे चालतं. आंबा असेल तर ‘आवडला’, कैरी असेल तर ‘आवडली’. म्हणजे मराठीत ‘काय’ची वागणूक कर्त्यासारखी दिसते. पण इंग्रजीत आवडणारी वस्तू कर्म आहे आणि ‘यू’ कर्ता आहे, म्हणून ‘व्हॉट डिड यू लाइक?’ असं ‘डिड’ घालूनच विचारावं लागतं. याउलट ‘काय झालं?’ या प्रश्नात ‘काय’ दोन्ही भाषांत कर्ता आहे, म्हणून ‘व्हॉट हॅपन्ड?’. हा प्रश्न आपल्याकडे इंग्रजी फारशी न येणारा माणूसही अचूक विचारतो, कारण तो त्याने नियमाने बनवलेला नसतो, ऐकून घेतलेला असतो.

म्हणून तपासणी मराठी वाक्यावर करू नये, इंग्रजी उत्तरावर करावी. उत्तर पूर्ण वाक्यात मनात म्हणा: ‘मीना कॉल्ड मी’, ‘आय कॉल्ड मीना’, ‘आय लाइक्ड द मँगो’, ‘समथिंग हॅपन्ड’. जो शब्द विचारायचा आहे तो क्रियापदाच्या आधी असेल तर त्याच्या जागी प्रश्नार्थक शब्द ठेवा आणि थांबा. तो क्रियापदाच्या नंतर असेल तर प्रश्नार्थक शब्द पुढे आणावा लागेल, आणि त्याबरोबर काळही. ‘विच’, ‘हूज’ आणि ‘हाउ मेनी’ हे शब्दही असेच वागतात. ‘हाउ मेनी स्टुडंट्स पास्ड?’ म्हणजे किती विद्यार्थी उत्तीर्ण झाले, आणि ‘हाउ मेनी स्टुडंट्स डिड यू पास?’ म्हणजे परीक्षक म्हणून तुम्ही किती जणांना उत्तीर्ण केलं. ‘हूज फोन रँग?’ला ‘डिड’ नको, ‘हूज फोन डिड यू यूज?’ला हवं. ‘कोणाबरोबर’, ‘कोणाकडे’, ‘कशाबद्दल’ असे प्रश्न कर्त्याबद्दलचे नसतात, म्हणून ‘हू डिड यू गो विथ?’मध्ये ‘डिड’ येतंच.

सगळ्या चुका सारख्या नसतात हेही शिकणाऱ्याला सांगायला हवं. ‘हू डिड कॉल यू?’ कानाला खटकतं, पण त्यात काम अडत नाही. ‘हू यू कॉल्ड?’ हे भारतीय इंग्रजीत अनेकदा ऐकू येतं आणि त्याचाही अर्थ बहुधा पोचतो. खरा धोका तिसऱ्या चुकीचा आहे: जिथे ‘हू डिड यू कॉल?’ म्हणायचं तिथे ‘हू कॉल्ड यू?’ म्हणणं. हे वाक्य निर्दोष आहे, म्हणून ऐकणारा थांबत नाही, शंका घेत नाही, सरळ उलटा अर्थ घेतो. परदेशातल्या ग्राहकाशी पैशांच्या व्यवहाराबद्दल बोलताना ‘हू पेड यू?’ म्हणजे तुम्हाला पैसे कोणी दिले, आणि ‘हू डिड यू पे?’ म्हणजे तुम्ही पैसे कोणाला दिले. ‘हू सेंट यू?’ म्हणजे तुम्हाला कोणी पाठवलं, ‘हू डिड यू सेंड?’ म्हणजे तुम्ही कोणाला पाठवलं. या जोड्यांत व्याकरणाची एक जागा चुकली की पैसे उलट्या दिशेने गेले असं समजलं जातं, आणि चूक झाली हे दोघांनाही कळत नाही.

एक ठिकाण मात्र असं आहे जिथे ‘हू यू कॉल्ड’ हीच बरोबर रचना आहे. प्रश्न दुसऱ्या वाक्याच्या पोटात गेला की काळाला पुढे जावं लागत नाही. ‘टेल मी हू यू कॉल्ड’, ‘आय डोन्ट नो हू आय कॉल्ड’. इथे ‘डिड’ घालणं चूक. आणि ‘हू डू यू थिंक कॉल्ड यू?’ म्हणजे ‘तुम्हाला काय वाटतं, फोन कोणी केला असेल?’ या वाक्यात ‘डू’ आहे ते ‘थिंक’चं आहे. ‘थिंक’चा कर्ता ‘यू’ आहे, त्याला ओलांडून काळ पुढे आला. ‘कॉल्ड’चा कर्ता ‘हू’ असल्याने त्याचा काळ त्याच्याकडेच राहिला. एकाच वाक्यात एका क्रियापदाला ‘डू’ लागलं आणि दुसऱ्याला लागलं नाही, दोन्ही एकाच कारणाने.

शिक्षकांना एक विनंती आहे. प्रश्न शिकवताना सुरुवात ‘डिड’च्या साच्याने करू नका. आधी ‘समथिंग हॅपन्ड’ हे वाक्य फळ्यावर लिहा, ‘समथिंग’ पुसून तिथे ‘व्हॉट’ लिहा. मग ‘समबडी कॉल्ड मीना’ लिहा आणि ‘समबडी’ पुसून ‘हू’ लिहा. असे आठ-दहा प्रश्न मुलांकडून करून घ्या. मग त्याच वाक्यात ‘मीना’ पुसायला सांगा आणि तो प्रश्न तितक्या सहज का होत नाही हे त्यांनाच शोधू द्या. ‘डिड’ त्या दिवशी शिकवा.